ताशी नोंदींपासून रंगीत एक्यूआयपर्यंत: गणित कोणत्या क्रमाने करायचं आणि ते कुठे फसतं

हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, म्हणजे एक्यूआय, स्वतः काढून पाहणाऱ्यांची तक्रार साधारण एकच असते: सूत्र बरोबर लावलं, तरी उत्तर सरकारी पोर्टलवरच्या आकड्याशी जुळत नाही. सूत्र बहुधा खरंच बरोबर लावलेलं असतं. ते शाळेतल्या त्रैराशिकापेक्षा फारसं अवघड नाही. घोळ होतो तो सूत्राच्या आधी, सरासरी काढताना, नाहीतर सूत्रानंतर, सगळ्या प्रदूषकांचे आकडे एकत्र आणताना. म्हणून या लेखात सूत्राला थोडी जागा आहे आणि त्याच्या मागच्यापुढच्या टप्प्यांना जास्त.

इथलं सगळं गणित केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१४ सालच्या राष्ट्रीय निर्देशांक पद्धतीचं आहे. दुसऱ्या देशाची पट्टी लावली तर त्याच हवेचा आकडा आणि रंग दोन्ही बदलतात. त्याचा हिशोब शेवटच्या टप्प्यात आहे.

क्रम असा: ताशी नोंदी साफ करा, सरासरी काढा, प्रत्येक प्रदूषकाचा स्वतंत्र निर्देशांक, म्हणजे उपनिर्देशांक, काढा, त्यांतला सर्वांत मोठा निवडा, पूर्णांक करा, मग रंग द्या. यातली कुठलीही दोन पावलं उलटसुलट झाली की उत्तर चुकतं, आणि दुर्दैवाने चुकलेलं उत्तरही दिसायला ठीकठाकच असतं.

## तयारी: बसण्याआधी काय हाताशी हवं

एका मोजणी केंद्राच्या सलग २४ तासांच्या ताशी नोंदी लागतात. निदान तीन प्रदूषकांची माहिती हवी आणि त्यांत पीएम २.५ किंवा पीएम १० या धूलिकणांपैकी एक असलंच पाहिजे. ही अट पुरी होत नसेल तर त्या केंद्राचा एक्यूआय काढायचाच नाही. फक्त ओझोन आणि नायट्रोजन डायऑक्साइड आहे म्हणून त्यांवरून एक आकडा जाहीर करणं या पद्धतीत बसत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे सीमांचा तक्ता. प्रत्येक ओळीत त्या वर्गाची वरची सीमा दिली आहे. कार्बन मोनॉक्साइड मिलिग्रॅम प्रति घनमीटरमध्ये आहे, बाकी सगळं मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये.

| वर्ग | रंग | निर्देशांक | पीएम २.५ | पीएम १० | नायट्रोजन डायऑक्साइड | सल्फर डायऑक्साइड | ओझोन | कार्बन मोनॉक्साइड |
|---|---|---|---|---|---|---|---|---|
| चांगला | गडद हिरवा | ५० | ३० | ५० | ४० | ४० | ५० | १ |
| समाधानकारक | फिका हिरवा | १०० | ६० | १०० | ८० | ८० | १०० | २ |
| मध्यम | पिवळा | २०० | ९० | २५० | १८० | ३८० | १६८ | १० |
| वाईट | नारिंगी | ३०० | १२० | ३५० | २८० | ८०० | २०८ | १७ |
| अतिशय वाईट | लाल | ४०० | २५० | ४३० | ४०० | १६०० | ७४८ | ३४ |
| गंभीर | गडद तपकिरी-लाल | ५०० | त्यावर | त्यावर | त्यावर | त्यावर | त्यावर | त्यावर |

पद्धतीत अमोनिया आणि शिसं हे आणखी दोन आहेत. दोन्हींची रीत तंतोतंत हीच असल्याने त्यांचे रकाने इथे वाढवलेले नाहीत.

एककाची तपासणी. काही नोंदी वायूंचं प्रमाण पीपीबीमध्ये, म्हणजे अब्जात किती भाग असं, देतात. तक्ता वजनात आहे, त्यामुळे आधी रूपांतर करावं लागतं. २५ अंश सेल्सिअस आणि साधारण वातावरणीय दाबाला ओझोनचा १ पीपीबी म्हणजे सुमारे १.९६ मायक्रोग्रॅम, नायट्रोजन डायऑक्साइडचा १.८८ आणि सल्फर डायऑक्साइडचा २.६२. कार्बन मोनॉक्साइडचा १ पीपीएम म्हणजे सुमारे १.१५ मिलिग्रॅम. ओझोन पीपीबीमध्येच ठेवून सूत्रात टाकला तर उपनिर्देशांक जवळपास निम्मा येतो, आणि निम्मा आकडा कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. कार्बन मोनॉक्साइडचं उलट आहे. १३०० मायक्रोग्रॅम तसेच्या तसे टाकले तर पट्टीच फुटते, चूक लगेच दिसते.

नायट्रोजनच्या बाबतीत आणखी एक खबरदारी. नोंदींत `NO`, `NO2` आणि `NOx` असे तीन स्तंभ शेजारी शेजारी असतात. घ्यायचा तो मधला, `NO2`. बेरजेचा `NOx` घेतला तर आकडा फुगतो.

## टप्पा १: ताशी नोंदी साफ करा

उदाहरणासाठी एका केंद्राचा हिवाळ्यातला एक दिवस घेऊ. आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत, पण वळण नेहमीचंच: रात्री आणि सकाळी धूलिकण साचलेले, दुपारी हवा मोकळी. पीएम २.५ च्या मध्यरात्रीपासूनच्या २४ ताशी नोंदी अशा आहेत:

```
00-05:  118  112  105   98   96  102
06-11:  121  134  128   97   72   58
12-17:   --   --   41   38   44   57
18-23:   83  109  985  126  124  120
```

दुपारी बारा आणि एकच्या नोंदी नाहीत. रात्री आठ वाजता मात्र ९८५ आहे.

हा ९८५ नीट पाहा. आधीच्या तासाला १०९, नंतरच्या तासाला १२६, आणि मध्ये एकाच तासात नऊपट उडी. हवा अशी वागत नाही. फटाके किंवा जवळची आग असेल तर चढ-उतार निदान दोन-तीन तास रेंगाळतो, आणि त्याच वेळी पीएम १० सुद्धा उसळतो. शिवाय बीटा किरणांवर चालणाऱ्या काही यंत्रांत ९८५ हा मोजलेला आकडा नसतोच. मोजणी फसली की यंत्र पट्टीचं टोक लिहून ठेवतं, ते हे. ज्याला ही खूण माहीत नाही तो तो आकडा इमाने इतबारे सरासरीत धरतो.

नोंदी चाळताना तीन गोष्टी पाहायच्या. एक, असा एकटाच सुळका. दोन, सलग पाच-सहा तास दशांशापर्यंत तोच तो आकडा. यंत्र अडकलं की असं होतं. तीन, एखाद्या तासाला पीएम २.५ हा पीएम १० पेक्षा जास्त. २.५ चे कण १० मध्ये मोजलेलेच असतात, त्यामुळे भाग पूर्णापेक्षा मोठा असणं शक्य नाही. किरकोळ फरक यंत्रांच्या अचूकतेचा असू शकतो, मोठा फरक म्हणजे दोनपैकी एक यंत्र खोटं बोलतं आहे.

संशयित नोंद रिकामी करायची. तिच्या जागी अंदाजाने काही भरायचं नाही आणि शून्य तर मुळीच नाही.

इशारा. स्प्रेडशीटमधलं `AVERAGE` रिकामे रकाने सोडून देतं, शून्य मात्र सोडत नाही. माहिती उतरवून घेताना `NA` किंवा `None` च्या जागी कुणी शून्य भरून ठेवलं असेल तर प्रत्येक बंद तास अत्यंत स्वच्छ तास म्हणून मोजला जातो.

## टप्पा २: सरासरी काढा, आणि प्रदूषकाप्रमाणे वेगळी

धूलिकण, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड यांची २४ तासांची सरासरी लागते. ओझोन आणि कार्बन मोनॉक्साइड यांची ८ तासांची. सीमांचे आकडे याच कालावधींसाठी ठरवलेले आहेत; कालावधी बदलला की तो तक्ता त्या आकड्याला लागूच होत नाही.

२४ तासांच्या सरासरीसाठी निदान १६ तासांच्या नोंदी हव्यात. आपल्या उदाहरणात तीन तास गेले, २१ उरले, म्हणजे चालेल. त्यांची बेरीज १९८३. भागिले २१ केले की ९४.४ मायक्रोग्रॅम.

आता साफसफाईत कसूर झाली असती तर काय झालं असतं ते पाहा. ९८५ तसाच ठेवला असता तर २२ तासांची बेरीज २९६८ आणि सरासरी १३४.९ आली असती. तिन्ही गहाळ तासांना शून्य भरलं असतं तर २४ ने भागून ८२.६. पुढच्या टप्प्यातलं सूत्र लावल्यावर या तीन सरासऱ्यांचे निर्देशांक अनुक्रमे २१५, ३११ आणि १७५ येतात, म्हणजे नारिंगी, लाल आणि पिवळा. एकच दिवस, एकच यंत्र आणि तीन रंग. सूत्रात कुणीच चूक केलेली नाही.

ओझोनसाठी ८ तासांची खिडकी दिवसभर सरकवत न्यायची आणि सर्वांत मोठी सरासरी घ्यायची. त्याच दिवशी सकाळी अकरापासून संध्याकाळी सहापर्यंतच्या आठ नोंदी ६२, ७४, ८८, ९६, १०१, ९४, ७९ आणि ५८ अशा आहेत. बेरीज ६५२, सरासरी ८१.५. या दिवसातली सर्वांत मोठी खिडकी हीच आहे. ओझोन उन्हात तयार होतो आणि रात्री उतरतो, त्यामुळे २४ तासांची सरासरी काढली तर दुपारचा फुगवटा रात्रीच्या सपाटीत बुडून जातो. उलट फक्त सर्वोच्च तास, १०१, उचलला तर उपनिर्देशांक शंभराच्या पुढे जाऊन रंग पिवळा होतो. खऱ्या सरासरीने तो फिका हिरवा आहे.

८ तासांच्या खिडकीतही रिकामे तास असतील तर आठापैकी निदान सहा नोंदी असल्याशिवाय ती खिडकी धरू नये.

इशारा. ताशी आकडा थेट सूत्रात टाकायचा नाही. ही सर्वांत मोठ्या प्रमाणावर होणारी चूक आहे. आपल्या दिवसात सकाळी सातच्या १३४ ला सूत्र लावलं तर ३११ येतात, दुपारी तीनच्या ३८ ला लावलं तर ६३. एकाच दिवशी हवा लाल आणि फिकी हिरवी दोन्ही ठरते. सूत्राला ताशी आकडा समजत नाही. त्याच्या सीमा दिवसभर श्वासावाटे जाणाऱ्या हवेसाठी आहेत. पोर्टलवर दर तासाला बदलणारा एक्यूआय दिसतो तो सुद्धा मागच्या २४ तासांची सरकती सरासरी घेऊन काढलेला असतो. म्हणून खिडकीबाहेर धूर दिसत असतानाही आकडा हळूहळूच चढतो, आणि हवा निवळल्यावरही बराच वेळ खाली यायला तयार नसतो.

## टप्पा ३: प्रत्येक प्रदूषकाचा उपनिर्देशांक

आता सूत्र. सरासरी कोणत्या कप्प्यात पडते ते तक्त्यात पाहायचं. कप्प्याच्या खालच्या सीमेपासून ती किती पुढे गेली आहे ते काढायचं. तेवढ्याच प्रमाणात निर्देशांकाच्या कप्प्यात पुढे सरकायचं.

```
I = I_lo + (C - B_lo) * (I_hi - I_lo) / (B_hi - B_lo)
```

`C` ही सरासरी, `B_lo` आणि `B_hi` या प्रदूषकाच्या कप्प्याच्या दोन सीमा, `I_lo` आणि `I_hi` या निर्देशांकाच्या कप्प्याच्या.

पीएम २.५ ची सरासरी ९४.४३ आहे. ती ९० ते १२० या कप्प्यात पडते, ज्याला निर्देशांकाचा २०० ते ३०० हा कप्पा जोडलेला आहे. ९० च्या पुढे ४.४३ गेलो. ३० मायक्रोग्रॅमला १०० गुण, म्हणजे ४.४३ ला १४.८. उपनिर्देशांक २१४.८.

त्याच दिवसाचे बाकीचे पटकन उरकू. पीएम १० ची सरासरी १६८ धरली तर १०० च्या पुढे ६८. तिथे १५० मायक्रोग्रॅमला १०० गुण, म्हणून १४५.३. नायट्रोजन डायऑक्साइड ५२, उपनिर्देशांक ६५. सल्फर डायऑक्साइड १४, उपनिर्देशांक १७.५. कार्बन मोनॉक्साइड १.३ मिलिग्रॅम, उपनिर्देशांक ६५. ओझोन ८१.५, आणि योगायोगाने उपनिर्देशांकही ८१.५, कारण ओझोनच्या पहिल्या दोन कप्प्यांत सीमा आणि निर्देशांक सारखेच आहेत.

स्प्रेडशीटमध्ये पीएम २.५ साठी हे एका ओळीत बसतं. शेजारशेजारच्या कप्प्यांचा उतार दोन-दोनदा सारखाच आहे, त्यामुळे सहा फाटे न करता तीनच पुरतात:

```
=IF(B2="","",IF(B2<=60,B2*50/30,
 IF(B2<=120,100+(B2-60)*100/30,
 MIN(500,300+(B2-120)*100/130))))
```

सूत्र बरोबर उतरलं का ते पाहायला `B2` मध्ये ३०, ६०, ९०, १२० आणि २५० टाकून बघा. ५०, १००, २००, ३०० आणि ४०० यायला हवेत. सीमेवर उडी दिसली तर कंस कुठेतरी चुकला आहे.

२५० च्या वर तक्त्यात वरची सीमा नाही. मंडळाच्या गणनपत्रिकेत मागच्या कप्प्याचाच उतार पुढे चालवतात, म्हणून ३८० ला ५०० येतात. पोर्टल ५०० वर थांबतं. एखाद्या ॲपवर सातशे-आठशे दिसलं तर ते ॲप पट्टी स्वतःच्या हिशोबाने पुढे ओढत आहे, किंवा त्याची पट्टीच वेगळी आहे.

दोन-तीन गुणांचा फरक कुठून येतो. छापील तक्त्यात कप्पे ६१ ते ९०, ९१ ते १२० असे लिहिलेले असतात आणि निर्देशांक २०१ ते ३००. ते शब्दशः धरलं तर ९४.४३ चा उपनिर्देशांक २१२.७ येतो. सीमा जोडून धरल्या, जशा वर धरल्या आहेत, तर २१४.८. दोन्ही रीती वापरात आहेत. शब्दशः रीतीत अडचण ही की ६० आणि ६१ च्या मधला ६०.४ कुठल्याच ओळीत बसत नाही आणि तुमचं सूत्र रिकामं किंवा शून्य उत्तर देतं. सीमा जोडून धरा आणि तीच रीत शेवटपर्यंत ठेवा. तुमचं उत्तर दुसऱ्या कुणापेक्षा दोन गुणांनी वेगळं आलं तर ते इथूनच, त्यामागे हात धुऊन लागू नका. वीस गुणांचा फरक असेल तर मात्र सरासरीकडे परत जा.

## टप्पा ४: सरासरी आधी, निर्देशांक नंतर

हा वेगळा टप्पा म्हणून लिहिण्याचं कारण असं की चांगले जाणकारही इथे घसरतात. प्रत्येक तासाचा उपनिर्देशांक काढून मग त्या २४ उपनिर्देशांकांची सरासरी घेणं सोयीचं वाटतं. उत्तर मात्र वेगळं येतं.

छोटं उदाहरण घेऊ. बारा तास पीएम २.५ हा ३० आणि बारा तास १८०. योग्य रीतीने सरासरी १०५, आणि १०५ चा निर्देशांक २५०, नारिंगी. उलट्या रीतीने ३० चा निर्देशांक ५०, १८० चा ३४६, दोन्हींची सरासरी १९८, पिवळा. एक अख्खा रंग हरवला.

कारण कप्प्यांच्या रुंदीत आहे. ६० पर्यंत प्रत्येक मायक्रोग्रॅमला साधारण १.७ गुण पडतात. ६० ते १२० मध्ये ३.३. आणि १२० च्या वर एकदम ०.८ च्याही खाली. पट्टी मध्ये ताठ चढते आणि वर जाऊन सपाट होते. सपाट भागातले वाईट तास निर्देशांकात कमी वजनाने उतरतात, त्यामुळे निर्देशांकांची सरासरी घेतली की नेमके सर्वांत वाईट तास सौम्य होऊन येतात.

याच वाकड्या पट्टीमुळे एक्यूआय दुप्पट झाला म्हणजे प्रदूषण दुप्पट झालं असं म्हणता येत नाही. ६० चे ९० झाले, दीडपट, की निर्देशांक १०० चा २०० होतो. आणि १२० चे २५० झाले, दुपटीहून जास्त, तरी तो ३०० वरून ४०० वरच जातो. महिन्यांची किंवा वर्षांची तुलना करायची असेल तर ती मायक्रोग्रॅममध्ये करावी, एक्यूआयमध्ये नाही.

शहराचा म्हणून जाहीर होणारा आकडा याला अपवाद आहे. दैनिक पत्रकात शहरातल्या केंद्रांच्या निर्देशांकांची सरासरी दिलेली असते. ती एक कारभारी सोय आहे. तिच्यावरून उलट गणित करून शहरातली धूलिकणांची सरासरी काढू नका.

## टप्पा ५: सर्वांत मोठा निवडा, मग पूर्णांक, मग रंग

आपल्याकडे सहा उपनिर्देशांक जमले: २१४.८, १४५.३, ८१.५, ६५, ६५ आणि १७.५. केंद्राचा एक्यूआय म्हणजे यांतला सर्वांत मोठा. बेरीज नाही, सरासरी नाही. पूर्णांक केला की २१५. ज्या प्रदूषकाने तो दिला तो त्या दिवसाचा प्रमुख प्रदूषक, इथे पीएम २.५, आणि त्याचं नाव आकड्यासोबत लिहिलंच पाहिजे.

सरासरी घेतली असती तर सहांची मिळून ९८ आली असती, आणि नारिंगी दिवस फिका हिरवा दिसला असता. सल्फर डायऑक्साइड कमी आहे म्हणून बारीक धूलिकणांचा त्रास कमी होत नाही. कमाल घेण्याचा तर्क एवढाच आहे.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी लागते. कमाल आकडा बाकी पाच प्रदूषकांबद्दल काही सांगत नाही. २१५ एक्यूआयच्या दोन दिवसांपैकी एका दिवशी पीएम १० चा उपनिर्देशांक ६० असू शकतो आणि दुसऱ्या दिवशी २१०. पत्रकात दोन्ही सारखेच दिसतील.

पूर्णांक एकदाच करायचा, आणि तो इथे. सरासरी ९४.४ ची आधीच ९४ केली तर निर्देशांक २१३ येतो. मधल्या ताठ चढणीवर अर्धा मायक्रोग्रॅमही पावणेदोन गुणांचा असतो, आणि सीमेजवळ तेवढ्याने रंग बदलतो. रंग पूर्णांकावरून द्यायचा, दशांशावरून नाही. २००.३ चे २०० झाले, म्हणून पिवळा, २००.६ चे २०१, म्हणून नारिंगी.

उलट तपासणी. उत्तर आल्यावर मागे जाऊन पाहा. २१५ नारिंगी कप्प्यात १५ गुण पुढे आहे. १०० गुणांना ३० मायक्रोग्रॅम, तर १५ ला ४.५, ९० मध्ये मिळवले की ९४.५. मूळ सरासरी ९४.४ होती, जुळलं. ही तपासणी प्रमुख प्रदूषक माहीत असेल तरच करता येते. तो माहीत नसताना २१५ एक्यूआय म्हणजे हवेत अमुक मायक्रोग्रॅम, असं सांगणं हा निव्वळ अंदाज, आणि २१५ एक्यूआय म्हणजे २१५ मायक्रोग्रॅम हे तर सरळ चूक.

## टप्पा ६: दुसऱ्या आकड्याशी जुळवण्याआधी पट्टी ओळखा

फोनवरची बरीच ॲप्स अमेरिकी पर्यावरण संस्थेची पट्टी वापरतात. तिथे सूत्र हेच, कमाल घेण्याची रीतही हीच, पण सीमा वेगळ्या. २०२४ मध्ये बदललेल्या पट्टीत पीएम २.५ च्या वरच्या सीमा ९.०, ३५.४, ५५.४, १२५.४ आणि २२५.४ अशा आहेत आणि त्यांना निर्देशांक ५०, १००, १५०, २०० आणि ३०० जोडले आहेत. शिवाय त्यांचा चालू आकडा साध्या २४ तासांच्या सरासरीवर नसतो. मागच्या १२ तासांना, त्यांतही ताज्या तासांना जास्त वजन देऊन तो काढतात, म्हणून तो लवकर हलतो.

फरक एकाच दिशेने असेल असं बहुतेकांना वाटतं: अमेरिकी आकडा नेहमी मोठा. तसं नाही. २४ तासांची सरासरी तीच धरून पाहा:

| पीएम २.५ ची सरासरी | भारतीय पट्टीवर | अमेरिकी पट्टीवर |
|---|---|---|
| ४५ | ७५ | १२४ |
| ७८ | १६० | १६७ |
| ११० | २६७ | १८९ |
| २०० | ३६२ | २७५ |

कमी प्रदूषणाला अमेरिकी पट्टी कडक आहे, तक्त्यातल्या जास्त प्रदूषणाला भारतीय पट्टीचा आकडा मोठा. मध्ये कुठेतरी दोन्ही एकमेकींना ओलांडतात. त्यामुळे "ॲपचा आकडा गुणिले इतके" असा कुठलाही ठोकताळा चालत नाही. रंगही फसवतात. १६० ला भारतीय पट्टीत पिवळा मिळतो, अमेरिकी पट्टीत १५१ पासून लाल सुरू होतो आणि पिवळा १०० लाच संपतो. रंगाचा फोटो पाठवणाऱ्याला आधी पट्टी विचारा.

दोन आकडे जुळत नसतील तर या क्रमाने शोधा: पट्टी तीच आहे का, केंद्र तेच आहे का, २४ तासांची खिडकी त्याच तासाला संपते का, प्रमुख प्रदूषक तोच दाखवला आहे का. खिडकीचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण मंडळाचं दैनिक पत्रक दुपारी चारपर्यंतच्या २४ तासांचं असतं आणि आपण बहुधा मध्यरात्र ते मध्यरात्र मोजतो. आपल्या उदाहरणात दुपारी चारला संपणाऱ्या खिडकीत आदल्या संध्याकाळचे आठ तास आले असते आणि आजची संध्याकाळ गेली असती. आदली संध्याकाळ वारा सुटलेली असेल तर दोन्ही आकडे बरोबर असूनही रंग वेगळा येतो.